न चुकलेले तीन तास

४ डिसेंबर १९९९, शनिवार. काम: सरांना ई-मेल करणे.

मी तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या शाळेत शिक्षिका होते आणि बारामतीच्या एका कॉलेजात दर रविवारी कॉम्प्युटरचा कोर्स करत होते. दहा रविवार, दहा तास. त्यातल्या आठांना हजेरी असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे. शिकवणारे सर पुण्याहून यायचे. "अडलं तर ई-मेल करा, मी रोज बघतो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

माझे तीन रविवार गेले होते. सासरे आधी अंथरुणाला खिळले, मग गेले. तेराव्यापर्यंत मी कळस गावातल्या सासरच्या घरातून हलले नव्हते.

शाळा सकाळची असल्याने दुपारी एसटीने बारामतीला आले आणि स्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत बसले. मोडेम किंचाळला, लाइन लागली. मराठी अक्षरं टाइप होत नसत, म्हणून इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहिली:

"आदरणीय सर, नमस्कार. मी रविवारच्या वर्गातील शिक्षिका. १४, २१ आणि २८ नोव्हेंबरच्या तासांना घरातील आजारपण व निधनामुळे येऊ शकले नाही, क्षमस्व. या तासांत कोणते भाग झाले आणि त्यातला आधी कोणता करावा, हे कृपया कळवावे. आपल्या नोट्स मिळाल्यास उतरवून पुढच्या रविवारी परत करीन. आपल्याला त्रास देते आहे याची जाणीव आहे."

खाली नाव घालून पाठवलं आणि चहा मागवला. चहा संपायच्या आत उत्तर आलं.

"बाई, आपल्या दुःखात सहभागी आहे. पण तिन्ही तासांना आपण होतात. शेवटच्या रांगेत, खिडकीशी, तपकिरी शाल घेऊन. २८ तारखेला आपणच विचारलंत की, थांबायची अट लिहायची राहिली तर प्रोग्रॅम किती वेळ फिरत राहील? चांगला प्रश्न होता. मग नोट्स कशासाठी?"

मी ते दोनदा वाचलं. २८ तारखेला तेराव्याच्या स्वयंपाकात माझे हात पिठात होते. तपकिरी शाल मात्र माझीच होती. ७ तारखेच्या तासापासून ती मला सापडत नव्हती.

कॉलेज चालत दहा मिनिटांवर. शनिवारी प्रॅक्टिकलला कोऱ्हाळ्याची एक शिक्षिका येत असे. वर्गात मी आणि ती शेजारी बसायचो. ती लॅबमध्ये एकटीच होती. मी तिच्याकडे हजेरीचा कागद मागितला. तीन रविवार, तीन सह्या. माझ्या नावापुढे, माझ्यासारख्याच, खाली शेपूट ओढलेल्या.

"मीच केल्या," ती म्हणाली. "तुमी सुतकात. परीक्षा बुडली असती ना. कागद फिरत आला की करून टाकायची. शेपूट पहिल्या वेळी जरा वाकडं झालं बघा."

"आणि माझ्या खुर्चीत कोण बसलं होतं?"

"कोण बसंल? तुमची शाल तितंच राहिली होती. मीच पाठीवर नीट पसरून ठेवली, खुर्ची भरल्यागत दिसावी म्हणून."

"प्रश्न कुणी विचारला?"

तिचं हसू गेलं. "कुणीच न्हाय, बाई. सर मधेच थांबले, खिडकीकडं बघून म्हणाले, बरोबर विचारलंत. मग पाच मिनिटं त्याचंच उत्तर देत बसले. आमी म्हटलं, सरांना चष्मा बदलायला हवा."

मी वर्गात गेले. शाल खुर्चीच्या पाठीवर होती, दोन्ही टोकं पुढे घेतलेली, थंडीत मी घेते तशी. तिने मागून मान लांब केली.

"अशी न्हवती ठेवली मी," ती म्हणाली. "व्हय, शपथ."

मी शालीची घडी केली आणि पिशवीत टाकली.

"आता सरांना सांगू नका," ती एसटीपर्यंत मागे लागली. "हजेरी पुरी हाय, नोट्स माझ्या घ्या. कशाला पायावर धोंडा पाडून घेता?"

तिचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. एरवी मी ऐकलंही असतं. पण मी कळसला माणसाच्या उशाशी बसलेली असताना बारामतीत माझ्या जागी कुणी हजर होतं, याच्यावर मी सही ठेवू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाच्या अर्धा तास आधी पोचले. तिन्ही सह्यांवर रेघ मारून 'गैरहजर' लिहिलं. सह्या कुणी केल्या ते सांगितलं नाही. ई-मेल कागदावर पुन्हा उतरवून काढला, खाली परीक्षेला बसू देण्याची विनंती लिहिली, सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडली, अर्ज सरांच्या टेबलावर ठेवला आणि पहिल्या बाकावर बसले.

सरांनी अर्ज वाचला. "प्राचार्यांकडे शिफारस करतो, पण खात्री देत नाही," म्हणाले आणि नोट्स माझ्यापुढे ठेवल्या. मग शिकवायला उभे राहिले, आणि आधी खिडकीकडे पाहिलं. मी मागे वळले नाही. नोट्सचं पहिलं पान उघडून उतरवायला घेतलं.