मे महिन्यातला हीटर

विंझरच्या मंगलला गाडी चालवता येते ही गोष्ट वेल्ह्यापासून भोरपर्यंत सगळ्यांना मान्य होती. मान्य नव्हती ती फक्त तिच्या थोरल्या दिराला, आणि गाडीत निम्मा वाटा नेमका त्याचाच होता.

दिराचं नाव रखमाजी. ऐन उमेदीत त्यांनी वीस वर्षं भोर-महाड घाटात जीप हाकली होती. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा पांढुरका डाग होता. घाटात जीप तापली, यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी हातावर आलं. आता एखाद्याला यातून असं वाटेल की हा माणूस झाकण उघडण्यात चुकला. पण विंझरमध्ये तसं कुणाला वाटलं नाही. उलट, ज्याचा हात एवढा भाजला त्याला गाडीतलं केवढं कळत असेल, असाच सगळ्यांचा हिशेब होता. गावात कुणाची गाडी तापली की आधी रखमाजींना बोलावणं जाई, आणि तेही बाही वर सरकवूनच यायचे.

चार वर्षांपूर्वी दोघा भावांनी मिळून आठ सीटची गाडी घेतली. मंगलचा नवरा अमृत शिरवळला कारखान्यात पाळ्या करायचा, रखमाजींची नजर अधू झालेली. चालवणार कोण? मंगलनं तोवर भोरला जाऊन गुपचूप लायसन काढून ठेवलं होतं. घरात दोन दिवस आदळआपट झाली. शेवटी रखमाजींनी होकार दिला, पण अट घालून. "ज्या दिवशी गाडी रस्त्यात बंद पडंल, त्या दिवशी चावी माझ्याकडं. मंग म्या ड्रायव्हर ठिवीन."

तेव्हापासून मंगल रोज सकाळी विंझरहून भोरची खेप करायची. लग्नसराईत पुण्याच्या भाड्यालाही जायची. तिच्या कमाईवर घराला स्लॅब झाला. पुतणी शिवानीची कॉलेजची फी भरली गेली. पण हे सगळं दुय्यम. तिला खरी गोडी होती ती स्टेअरिंगमागे बसण्याची. तिथं बसलं की कुणी चहा टाक म्हणत नाही, हे तिचं स्वतःचं स्पष्टीकरण होतं.

गाडीच्या पुढच्या कप्प्यात कंपनीचं माहितीपुस्तक असतं. बाकीचे लोक त्यावर उदबत्तीचा पुडा ठेवतात. मंगलनं भोरच्या स्टँडबाहेर सीटा भरायची वाट बघत ते पानन्‌पान वाचलं. इंग्रजी असेल तिथं शिवानीकडून समजून घेतलं. रखमाजी म्हणायचे, "पुस्तक वाचून कुणी घाट चढत न्हाई." हे खरंच होतं. पण घाटात ती गाडी कधी तापलीच नाही. तापली ती सपाट रस्त्यावर, आणि दिवस नेमका शिवानीच्या साखरपुड्याचा.

मुलाकडच्यांचा गोतावळा पुण्यात, म्हणून हॉल वारज्याचा ठरला. मुहूर्त साडेबाराचा. बाकीचे पाहुणे टेम्पोनं पुढं गेले. मंगलच्या गाडीत नवरी, रखमाजी, सासूबाई रतनबाई आणि चार मामा-काका होते. रखमाजी नवे कडक कपडे घालून पुढच्या सीटवर बसले होते, गाडी तेच चालवत असल्यासारखे.

चेलाडीपासून हायवेनं गाडी झकास आली. कात्रजचा बोगदा ओलांडला, उतार संपला आणि नवले पुलाजवळ सगळंच थांबलं. पुढं ट्रक, मागं ट्रक, दोन्ही बाजूंनी मोटारी. ऊन असं की समोरच्या गाडीचा पत्रा डोळ्यांत खुपत होता. एसी पूर्ण जोरात होता. गाडी गोगलगायीच्या चालीनं दहा पावलं जायची आणि थांबायची.

मंगलची नजर काट्यावर गेली. टेंपरेचरचा काटा रोज मध्यावर गुमान बसलेला असतो. आज तो मध्य सोडून वर निघाला होता.

तिनं एसी बंद केला, चारी काचा खाली घेतल्या, गरम हवेचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि ब्लोअर चारवर टाकला.

गाडीत भट्टीचं दार उघडलं.

"अगं, हे काय चालवलंयस?" मागून एक मामा ओरडले. "मे महिन्यात हीटर?"

"इंजिनची आग आत घेतीय मामा. तेवढंच त्येला हलकं वाटंल."

"आनि आमचं काय?"

शिवानीच्या गालावरचा मेकअप हनुवटीकडे निघाला. तरी तीच म्हणाली, "काकी बरोबर करतीय. पुस्तकात हाय तसं." मुलीच्या साखरपुड्यात मुलीचं कुणी ऐकत नाही, तसं याही वेळी ऐकलं नाही.

हीटर लावल्यावर काटा किंचित उतरला. मंगलनं डावा इंडिकेटर देऊन एकेक गाडी चुकवत बाजूला सरकायला सुरुवात केली. थांबली की न्यूट्रल, वाट मिळाली की हळूच पुढं, उगाच ॲक्सिलेटर नाही. तेवढ्यात डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि टुंग टुंग सुरू झालं. तोवर ती सर्व्हिस रोडच्या तोंडाशी पोचली होती. पंक्चरच्या दुकानापुढं मोकळी जागा दिसली. गाडी तिथं पूर्ण कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चारही इंडिकेटर चालू केले आणि इंजिन बंद केलं.

"बंद का केली?" रखमाजी उसळले. "वारजं पाच किलोमीटर राह्यलं! पुलाच्या पल्याड वारा लागला की आपोआप गार हुती. चल!"

"लाल दिवा लागलाय भावजी. आता चालवली तर इंजिनच जायचं. समद्यांनी डावीकडनं उतरा. त्या कट्ट्यापाशी सावलीत थांबा, रस्त्याकडं कुनी जाऊ नका."

सगळे उतरले. उतरताना प्रत्येकानं काही ना काही पुटपुटून घेतलं.  रतनबाई तेवढ्या नातीचा हात धरून सरळ कट्ट्यावर जाऊन बसल्या.

आता रखमाजींच्या अंगात घाट संचारला. त्यांनी पंक्चरवाल्याकडून बादलीभर गार पाणी आणलं, नव्या उपरण्याची चौघडी करून हातावर गुंडाळली आणि बाही वर सरकवून ते बॉनेटपुढं उभे राहिले. चारही मामा-काका आदरानं मागं सरकले. रखमाजींनी बॉनेटच्या कडेनं बोटं फिरवली. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, खाली वाकून बघितलं. जुन्या जीपला बॉनेट अडकवायचे दोन आकडे बाहेरूनच असायचे. या गाडीला एकही नव्हता. बॉनेट सोडायचा खटका आत, स्टेअरिंगखाली होता, आणि गाडी मंगलनं काचा वर घेऊन, कुलूप लावून बंद केली होती.

"चावी दे."

"न्हाई."

या घरात आल्यापासून मंगल रखमाजींना पहिल्यांदाच 'न्हाई' म्हणाली. तिनं चावी कमरेला खोचली. 

"आत पानी उकळतंय," ती म्हणाली. "झाकन उघडलं तर तोंडावर येतंय. आनि तापल्या इंजिनवर गार पानी वतलं तर लोखंड तडकतंय. अर्धा-पाऊन तास कुनी हात लावायचा न्हाई. म्या मेकॅनिकला फोन लावलाय."

"मला शिकवतीस? हा हात बघ!"

तेव्हा कट्ट्यावरून रतनबाई बोलल्या. "त्यो हात दोन महिनं म्याच धरून बसले हुते रं रखमा. तुला घास भरवीत हुते. पानी ठिव खाली."

रखमाजींनी बादली खाली ठेवली, पण माघार घेतली नाही. घड्याळात सव्वाबारा झाले होते. मुलाच्या वडिलांचा फोन दोनदा येऊन गेला होता. लाजेनं आणि उन्हानं त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "आज माझ्या पोरीच्या टायमाला गाडी बंद पडली," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "उद्यापास्नं चावी माझ्याकडं."

"बंद पडली न्हाई भावजी, म्या बंद केलीय," मंगल म्हणाली. पण तिला ठाऊक होतं, हा फरक विंझरमध्ये कुणी ऐकून घेणार नाही. उद्या सकाळी ती भोरला निघणार नव्हती. चुलीपुढं बसून दुसऱ्याच कुणी गाडी काढल्याचा आवाज ऐकणार होती. तिला रडू आलं. तिनं रुमाल घामाला लावला, म्हणजे कुणाला कळू नये.

चाळीस मिनिटांनी मेकॅनिक आला. नाव सोमनाथ, माणूस मोजकं बोलणारा. त्यानं आधी कडेनं हात लावून गाडी किती तापलीय याचा अंदाज घेतला, मग मंगलकडून बॉनेट सोडवून घेतलं. बाजूच्या पांढऱ्या टाकीत कूलंट दोन रेघांच्या मध्ये होतं, म्हणजे पाणी कमी नव्हतंच. इंजिन गार ठेवणाऱ्या फॅनला वीज पोचवणारा रिले जळला होता. हायवेला समोरून वारा लागतो म्हणून काही कळलं नाही, गर्दीत उभी राहिल्यावर फॅन हवा तर तो फिरेना. सोमनाथनं नवा रिले बसवला, नळी कुठं गळत नाही ना ते बघितलं आणि इंजिन चालू करून फॅन फिरेपर्यंत तिथंच उभा राहिला.

"गाडी कुणी थांबवली?" त्यानं विचारलं.

रखमाजींनी मंगलकडं बोट दाखवलं, गुन्हेगार दाखवावा तसं.

"आणखी दोन किलोमीटर ओढली असती तर गॅस्केट उडालं असतं," सोमनाथ म्हणाला. "मग पंधरा दिवस गाडी माझ्याकडं आणि तुम्ही रिक्षात." एवढं बोलून तो स्कूटरवर बसून निघून गेला.

गाडी हॉलवर पोचली तेव्हा दीड वाजून गेला होता. मुहूर्त टळला होता. भटजींनी जराही न डगमगता पावणेदोनचा नवा काढून दिला, आणि साखरपुडा यथासांग झाला.

मंगल जेवायला बायकांच्या पंगतीत बसली. पलीकडच्या टेबलावर रखमाजी मुलाकडच्या मंडळींना उशिराचं कारण सांगत होते. तिचे कान तिकडंच लागले.

"काटा वर गेला का म्या लगेच म्हनलं, एसी बंद! हीटर फुल! लोक हसत्यात, हसू दे. लाल दिवा लागला का एक पाऊल पुढं न्यायची न्हाई. कडंला घ्या, इंजिन बंद, मान्सं रस्त्यापास्नं लांब. आनि पाऊन तास झाकनाला हात न्हाई लावायचा. कुनी गार पानी घिऊन आलं तर त्येला आदी हाकलायचं."

मंगलचा घास हातातच राहिला. संतापानं तिचे कान गरम झाले. तरी ऐकता ऐकता ती मनातल्या मनात ताळा घेत होती. माणूस बेलाशक खोटं बोलत होता, पण एकही पायरी चुकला नव्हता.

मुलाचे वडील भारावून गेले. "वा! जाणकार माणूस. मग आता परत जाताना गाडी तुम्हीच घ्या. एवढा अनुभव असताना बाईमाणसाला कशाला त्रास?"

 अधू नजरेचे रखमाजी पुण्याच्या गर्दीत स्टेअरिंगवर बसायच्या कल्पनेनंच घामाघूम झाले असावेत. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला आणि मोठ्या आवाजात म्हणाले,

"छ्या! गाडी मंगलच चालवनार. ती असताना दुसऱ्या कुनाच्या हाती म्या चावी देत न्हाई."

हे वाक्य ऐकायला मंगलनं चार वर्षं काढली होती. ते आलं तेही असं, चोरलेल्या शहाणपणाच्या ताटात वाढून. रतनबाईंनी तिला कोपर मारलं आणि हळूच म्हणाल्या, "खोटारडा मेला. जाऊन सांग की समद्यांना, काय झालं ते!"

मंगलनं वाढप्याकडून आणखी एक जिलेबी मागून घेतली.

"नको आत्याबाई," ती म्हणाली. "आता चार मान्सांत बोललेत. उद्या चावीचा शब्द फिरवायचा म्हनलं तरी फिरवता यायचा न्हाई त्यास्नी."