अट कुठे तपासली जाते

१६ मे २०२३, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. कराडजवळच्या एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत डेटा स्ट्रक्चर्सची प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाली. मी बाह्य परीक्षक होतो. पहाटेच्या एसटीने सांगलीहून आलो होतो. निवृत्त माणसाला असे काम वर्षातून दोनदा मिळते आणि ते तो नको तितक्या काटेकोरपणे करतो.

माझी पद्धत जुनी होती. उमेदवाराने आधी कागदावर उत्तर लिहायचे. मी तपासून सही केली तरच संगणकासमोर बसायचे. सही मिळाली नाही तर शून्य.

त्या सकाळी मागे राहिलेला विषय देणारे सात जण होते. सहा जण विशीतले. सातवा चाळिशीचा, म्हसवडकडचा, सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेला. अंतर्गत परीक्षक असलेल्या बाई खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाल्या, "सर, त्यांचा हा शेवटचा विषय. पदवी हातात आली तर साखर कारखान्याच्या संगणक विभागात जागा आहे. येत्या सोमवारी कागदपत्रे दाखवायची आहेत."

"उमेदवाराची परिस्थिती हा परीक्षेचा विषय नव्हे," मी म्हणालो.

"नाही सर. मी आपलं सांगितलं." त्या खुर्ची घेऊन मागे सरकल्या.

त्याला चिठ्ठीत आलेला प्रश्न असा: रिकर्शन न वापरता, स्वतःचा स्टॅक ठेवून बायनरी ट्रीची इनऑर्डर यादी काढा. बायनरी ट्री म्हणजे असे झाड, ज्याच्या प्रत्येक नोडला, म्हणजे गाठीला, डावे आणि उजवे अशी फार तर दोन पोरे असतात. इनऑर्डर म्हणजे प्रत्येक नोडपाशी आधी डावी बाजू, मग तो नोड, मग उजवी बाजू. रिकर्शनमध्ये, म्हणजे कृती स्वतःलाच पुन्हा बोलावते तेव्हा, कुठे परत यायचे हे यंत्र लक्षात ठेवते. ते काढून घेतले की परतीच्या जागा आपणच एकावर एक रचून ठेवाव्या लागतात; तो गठ्ठा म्हणजे स्टॅक. शेवटी ठेवलेली आधी निघते.

त्याने वीस मिनिटांत कागद आणून दिला. अक्षर सरळ, ओळीत. मी थेट लूपची, म्हणजे पुन्हा पुन्हा होणाऱ्या फेऱ्याची, अट पाहिली. 'स्टॅक रिकामा नाही तोवर.' एवढेच. अट दोन भागांची हवी, असे मी वीस वर्षे शिकवले होते: हातात नोड आहे, किंवा स्टॅक रिकामा नाही. फक्त दुसरा भाग लिहिणाऱ्यांची चूक मला पाठ होती. मुळाचा नोड छापला की स्टॅक रिकामा होतो, लूप थांबते आणि झाडाची सगळी उजवी बाजू छापायची राहून जाते. मी कागदावर लाल रेघ मारली आणि शून्य लिहिले.

"उजवी बाजू गेली तुमची," मी म्हणालो. "बसा जागेवर."

तो बसला नाही. हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"सर, गेली न्हाई. हाय ती."

"कागदावर मला दिसत नाही."

"कागदावर कशी दिसंल? चालवून बघा की. झाड तुमीच द्या."

मागच्या रांगेतून एक जण पुटपुटला, "फौजी, गप बस गड्या, शून्याचं उणे करतील." बाईंनी त्याच्याकडे पाहिले; तो गप्प झाला.

मी झाड काढून दिले. मुळाशी ५०. डावीकडे ३०, उजवीकडे ७०. सत्तरच्या डावीकडे ६०. त्याने कोऱ्या कागदाचे चार तुकडे केले, त्यांवर आकडे लिहिले आणि ते माझ्यापुढे सरकवले.

"चिठ्ठ्या तुमी ठेवायच्या, सर. मी नुसता वाचतो. न्हाईतर म्हणाल, हातचलाखी केली."

बाई हसल्या. मी हसलो नाही. पण चिठ्ठ्या घेतल्या.

तो हुकूम वाचावा तसा वाचू लागला. "लूपच्या आधी. मुळापासून डावीकडं जात जाईल तेवढं रचा." मी ५० ठेवली, तिच्यावर ३०. पंख्याने वरची उडाली. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून गठ्ठ्यावर ठेवला.

"आता लूप. वरची काढा, छापा." तीस. "तीसच्या उजवीकडं?"

"काही नाही."

"मग रचायचं काय न्हाई. अट बघा. पन्नास हाय ना खाली? काढा, छापा."

मी ५० काढली. टेबलावर आता फक्त किल्ल्या होत्या.

"रिकामा," मी म्हणालो. "संपली लूप."

"आवं सर, थांबा की! अट कवा बघायची? फेरा पुरा झाल्यावर. फेऱ्यात अजून एक ओळ हाय. उजवीकडं जा, आन तिथनं डावीकडं जाईल तेवढं रचा. मग अट."

मी कागद पुन्हा वाचला. ती ओळ होती, माझ्या लाल रेघेच्या बरोबर खाली. मी ७० ठेवली, तिच्यावर ६०. अट तपासली. स्टॅक रिकामा नव्हता. ६० निघाली, मग ७०. तीस, पन्नास, साठ, सत्तर. एकही सुटला नाही.

त्याने उजव्या बाजूचे नोड अट तपासण्याआधीच रचले होते. त्यामुळे हातात नोड आणि स्टॅक मात्र रिकामा, अशी वेळ अट तपासताना येतच नव्हती. त्याच्या मांडणीला एकच भाग पुरेसा होता. मी अट वाचली होती, ती कुठे तपासली जाते ते वाचले नव्हते.

मी दुसरा प्रश्न विचारला. "स्टॅकही काढून घेतला तर?"

"थ्रेडेड ट्री." तो थोडा अडखळला. "चार नोडला पोरांचे पत्ते ठेवणारे आठ पॉइंटर. त्यातले पाच रिकामेच पडलेत. उजवीकडचा रिकामा असंल त्याला पुढच्या नोडचा पत्ता लावायचा. तीसला पन्नासचा. साठला सत्तरचा. सत्तरच्या पुढं कोण न्हाई, तो रिकामाच. मग रचून ठेवायची गरज न्हाई, परतीची वाट झाडातच."

"तीसवरून उजवीकडे पन्नासवर आलात. उजवीकडे गेल्यावर तुम्ही काय करता?"

"डावीकडं जाईल तेवढं..." तो थांबला. बोट झाडावर फिरले. "परत तीसच की."

"आणि मग?"

"मग पन्नास. मग तीस." त्याने मान हलवली. "हे तर घाण्याच्या बैलागत झालं."

"मग काय हवे?"

त्याने तीसपासून पन्नासपर्यंत पुन्हा बोट फिरवले. "खूण पायजे, सर. हा पॉइंटर खरा पोराकडं जातो का नुसता परतीचा धागा हाय, ते नोडमधेच लिवायचं. धागा असंल तर डावीकडं उतरायचं न्हाई, सरळ छापायचं."

ते बरोबर होते. आधी विसरला होता म्हणून त्या प्रश्नाचे अर्धेच गुण दिले. पहिल्याचे पूर्ण. शून्य खोडून नवा आकडा लिहिला आणि शेजारी सही केली. गुणपत्रकावर खाडाखोड असेल तर दोघांची सही लागते, असे बाई म्हणाल्या, त्यांनीही केली. त्याने प्रोग्राम संगणकावर चालवला. पडद्यावर तेच चार आकडे त्याच क्रमाने आले. बेरीज पास होण्याला लागते त्यापेक्षा थोडी वर गेली.

"चूक माझी होती," मी म्हणालो.

"व्हय सर," तो म्हणाला आणि किल्ल्या उचलून खिशात टाकल्या.

साडेपाचला लिफाफ्याला लाख लावली. रात्री आठला सांगलीत घरी पोहोचलो. जेवणानंतर तपासणीची जुनी वही काढली. तिच्यात माझ्याच हातची ओळ होती: 'अट एकाच भागाची असल्यास शून्य.' या ओळीच्या आधारे आजवर किती कागद खोडले, त्याची नोंद माझ्याकडे नाही. ती ओळ खोडली. खाली लिहिले: 'आधी अट कुठे तपासली जाते ते पाहावे. उमेदवाराला चालवून दाखवू द्यावे.' लाल पेनातली शाई संपत आली होती. दुसऱ्या दिवशी पुढची तुकडी होती, म्हणून ती भरून ठेवली.