आजींचा महिन्याचा एक फोन

आमच्या अंबडच्या पुठ्ठ्याच्या बॉक्सच्या कारखान्यात उधारी वसूल करायच्या पायऱ्या चार. आधी मी फोन करायचा. मग मार्केटिंगच्या साहेबांनी गाडी काढून जायचं आणि चहा पिऊन परत यायचं. त्यानं भागलं नाही तर शेठचा फोन. आणि अगदीच गळ्याशी आलं तर शेठच्या आईंचा फोन. हसू नका. वकिलाची नोटीस आम्ही पाठवून बघितली होती, तेव्हा वकिलाची फी तेवढी गेली. आजींचा फोन मात्र एकदाही वाया गेला नव्हता.

आजी ऐंशीच्या पुढच्या, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. फोनवर पैशांचा चकार शब्द काढायच्या नाहीत. "बाळा, जेवलास का?" म्हणायच्या, मग घरातल्या एकेकाची चौकशी, आणि "बरं, ठेवते." बास. ज्याला फोन जाई त्याला कळायचं की आता हे प्रकरण थोरल्या घरात गेलं, आणि दोन दिवसांत पैसे जमा व्हायचे. अट एकच होती. महिन्याला फोन एक. "रोज उठून केला तर माझी काय किंमत राहील?" हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं.

म्हणून दर महिन्याला आमची मीटिंग आजींच्या हॉलमध्ये भरायची. शेठ, मार्केटिंगचे साहेब आणि मी. विषय एकच, या महिन्याचा फोन कोणाला. आजींची मालिका चालू असली की आम्ही गप्प, जाहिराती लागल्या की बोलायचं. मी कॉमर्सची पदवीधर बाई, वीस वर्षं अकाउंट्समध्ये घातलेली, आणि माझे निर्णय साबणाच्या जाहिरातीत व्हायचे. डोक्याला ताप नुसता.

त्या महिन्यात खरंच बाका प्रसंग होता. बँकेच्या साहेबांनी मला आधीच बजावलं होतं. आमचं कॅश क्रेडिट खातं मर्यादेला टेकलेलं. आमच्या येण्यांपैकी नव्वद दिवसांच्या आतलीच बिलं बँक धरते, आणि त्या हिशोबानं पैसे उचलू देते. जुनी झाली की ती बिलं बँकेच्या लेखी मेली. आणखी एक मोठं बिल नव्वदच्या पलीकडे गेलं असतं तर मर्यादा खाली आली असती आणि सात तारखेचे पगार अडकले असते. मशीनवरची माणसं, पॅकिंगच्या बाया, सगळ्यांचे. त्यांना तोंड दाखवायचं मलाच असतं, शेठ तेव्हा नेमके मुंबईला असतात.

मी एजिंग रिपोर्ट छापून नेला होता. कोणाचं बिल किती दिवसांचं झालं त्याचे रकाने त्यात असतात. तीस दिवसांपर्यंत, साठपर्यंत, नव्वदपर्यंत आणि त्यापुढचं सगळं शेवटच्या रकान्यात. मार्केटिंगच्या साहेबांनी नेहमीप्रमाणे थेट शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "नांदगावचा कांदेवाला. सगळ्यात जुना. आजी, यालाच लावा."

"त्याचे पैसे कधीच आलेत," मी म्हटलं. "तुम्हीच आणलेला चेक. कोणत्या बिलापोटी ते विचारून आला नाहीत, म्हणून तो नुसता खात्यावर जमा पडलाय आणि बिल उघडं दिसतंय."

साहेबांनी बोट खाली सरकवलं. "मग सिन्नरची कंपनी."

"त्यांच्या ऑर्डरवरचा दर आणि आपल्या बिलावरचा दर जुळत नाही. चूक आपली. फरक वजा केल्याची क्रेडिट नोट दिल्याशिवाय त्यांचा कॉम्प्युटर बिल पुढे घेणार नाही. आजी काय कॉम्प्युटरला जेवलास का विचारणार?"

आजींनी टीव्हीचा आवाज बारीक केला. असं त्यांनी माझ्या माहितीत पहिल्यांदाच केलं. "मॅडम, तुम्ही सांगा. कोणाला लावू?"

मी शेठकडे बघितलं. शेठ पोह्यातले शेंगदाणे वेचत होते. त्यांना माहीत होतं मी कोणाचं नाव घेणार. शेवटच्या रकान्यातलं नाहीच. ते पैसे यायचे तेव्हा येतील, बँकेनं ते आधीच सोडलेत. वाचवायचं ते त्याच्या अलीकडच्या रकान्यातलं, चार दिवसांत नव्वदी ओलांडणारं, द्राक्षांच्या अख्ख्या सीझनच्या बॉक्सचं बिल. पिंपळगावच्या पॅकहाउसचं. म्हणजे शेठच्या व्याह्यांचं.

"त्यांना नको," शेठ म्हणाले. "पोरगी त्या घरात आहे माझी. उद्या तिला कोणी टाकून बोललं तर?"

"आणि पगार?" मी म्हटलं. माझा आवाज चढला, चढू दिला. "माल निर्यात झाला, त्यांचे पैसे आले. त्यांच्या दारात नवी गाडी उभी आहे, साहेब स्वतः बघून आलेत. आपल्या बायांनी दुकानदाराला काय सांगायचं, शेठची सोयरीक आहे म्हणून?"

तेवढ्यात जाहिराती संपल्या, आणि टीव्हीवरच्या सासूनं सुनेकडे तिरकं बघितलं. आजींनी टीव्ही बंदच केला. भिंग घेऊन रिपोर्टातल्या त्या ओळीवर फिरवलं आणि फोन उचलला.

"पाहुणे, जेवण झालं का? … विहीणबाईंचे गुडघे? … आणि माझी नात? … बरं, ठेवते."

शेठनी वेचलेले शेंगदाणे तसेच बशीत ठेवले.

पैसे दुसऱ्याच दिवशी आले, अख्खं बिल, रुपयासुद्धा कमी नाही. मी बँकेच्या साइटवर रक्कम बघितली आणि खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले, इतकं हलकं वाटलं. पगाराची फाइल लगेच बँकेत पाठवली. दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज वाजले. पॅकिंगच्या एका बाईनं मला डब्यातली बाजरीची भाकरी आणून दिली.

संध्याकाळी शेठ केबिनमध्ये आले ते शीळ घालत. "बघितलं? उगाच घाबरत होतो मी. माणूस सोन्यासारखा आहे. त्यांची उधारीची मर्यादा वाढवून टाका, पुढच्या सीझनला जास्त बॉक्स लागतील."

मी तेव्हाच पावती करायला बसले होते. कोणाकडून आले ते लिहायचं म्हणून बँकेच्या स्टेटमेंटवर त्या ओळीचा तपशील उघडला होता. पॅकहाउसचं नाव त्यात नव्हतं. मी स्क्रीनच त्यांच्याकडे वळवली.

शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पैसे त्यांच्या मुलीच्या नावावरच्या खात्यातून आले होते.

"या बँकेत तिचं दुसरं काही नाही," ते म्हणाले. "लग्नात मी तिच्या नावानं एफडी केली होती, तेवढीच."

खाली शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला. बाया हसत, एकमेकींना हाका मारत गेटकडे निघाल्या होत्या.

"तिला परत पाठवता येतील ना?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"नाही शेठ," मी म्हटलं. "सगळे वाटून झाले."