सुरय्याआपांचं पट्टीचं काज

चाकणमध्ये कोट घालतं कोण? कंपनीतले साहेब लोक घालत असतील, पण ते पुण्याहून शिवून आणतात. त्यामुळे सुरय्याआपांकडे तीस वर्षांत कोट आले असतील ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे ब्लाउज, ड्रेस आणि अलीकडे कंपन्यांचे युनिफॉर्म. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. शेजारीच रियाजचं काज-बटणाचं. गल्लीतले सगळे शिंपी कपडा शिवायचा तेवढा शिवतात आणि काजं पाडायला रियाजकडे टाकतात. त्याचं मशीन एका मिनिटात काज पाडतं, चिरतं आणि मोकळं होतं.

आपांनी मात्र राजगुरुनगरच्या शिवणवर्गात पट्टीचं काज शिकलेलं. दोऱ्यानं न गुंफता कापडाच्याच पट्ट्या आत वळवून ओठांसारखं बंद होणारं काज. परीक्षेची नमुन्यांची वही त्यांनी अजून जपली होती, आणि येईल त्याला दाखवण्याची हौसही. दिपालीनं वहीतला तो नमुना बघितला आणि म्हणाली, "मावशी, मला असंच हवं."

दिपाली मोशीची. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. कंपनी तिला तीन महिने जर्मनीला पाठवत होती, ऐन जानेवारीत. कोटाचं कापड तिच्या वडिलांचं. मारुतराव कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा कामगारांनी मिळून त्यांना जाड लोकरी कापड भेट दिलं होतं. "हे घालून कांदा निवडू का?" म्हणत त्यांनी ते कपाटात ठेवलं ते ठेवलंच. तेवढ्याच कापडात कोट बसवायचा होता. चूक झाली तर दुसरा तुकडा कुठून आणणार? आणि शनिवारी विमान.

बुधवारी सकाळी आपांनी कोट टेबलावर पसरला आणि डोक्याला हात लावला. पुढचा काठ आतून झाकणारी पट्टी जोडून, उलटवून, इस्त्री मारून तयार! वर्षभर युनिफॉर्मच शिवलेले. आधी काठ पूर्ण करायचा, काज सर्वांत शेवटी, हेच हाताला वळण. पण पट्टीचं काज आतली पट्टी लागायच्या आधी, एकट्या पुढच्या भागावर करावं लागतं. मागून पट्ट्या ओढून बसवायला जागा हवी ना! नमुन्याची वही मिरवणाऱ्या बाईनं हेच विसरावं?

रियाज चहाचा कप घेऊन दारात आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, जिभेला हाड नसलेला.

"काय आपा, कुणी गेलं काय?"

"अक्कल गेली माझी. बघ."

त्यानं काठ चिमटीत धरून बघितला आणि हसला. "अहो, मग द्या इकडं. पाच काजं, पाच मिनिटं. त्या पोरीला काय कळतंय?"

"तिला नाही कळलं तरी मला कळतंय ना."

"मशीनच्या काजाला काय रोग झालाय? आख्खं चाकण त्याच्यावर अंग झाकतं."

आपांना वाटलं, खरंच द्यावं. डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. पट्टीच्या काजाला कापड मधून चिरून आत वळवावं लागतं, आणि एकदा चिरलं की चिरलं. त्यांनी उरलेल्या चिंधीचे दोन थर केले, मध्ये कॅनव्हास घातलं आणि रियाजच्या हातात दिलं. "पाड एक. चांगलं पडलं तर कोट तुझा."

मशीन निम्म्यापर्यंत झोकात गेलं आणि जाडीत अडकलं. एकाच जागी दोऱ्याचा गोळा झाला. रियाजनं दाब सैल करून दुसरं पाडलं. ते पूर्ण झालं, पण मध्ये चिरल्यावर लोकरीचे तंतू फिसकारलेल्या मांजरासारखे उभे राहिले.

"शर्टाच्या कापडावर तुझ्यासारखं काज कुणी पाडत नाही," आपा म्हणाल्या. "हे त्याचं काम नव्हे."

"व्हय," रियाजनं कबूल केलं. "हे माझ्या मशीनला झेपत न्हाई."

आपांनी चष्मा पुसला आणि काठाची शिवण उसवायला घेतली. जेवणाच्या वेळेपर्यंत आतली पट्टी सुटी झाली.

मग आखणी. बाईचा कोट, म्हणून काजं उजव्या भागावर. बटण एक इंचाचं आणि सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जाड, म्हणून काज एक इंच एक सूत. आडवं, कारण ताण आडवाच येतो. आणि सुरुवात पुढच्या मध्यरेषेच्या सूतभर बाहेर, काठाकडे, म्हणजे ओढ बसली तरी बटण मध्यरेषेवरच थांबतं. एवढं सगळं अचूक. गळ्याखाली इंचभर सोडून पहिली खूण, कमरेच्या खाली शेवटची, मधल्या जागेचे चार समान भाग. पाच खुणा, दर साडेचार इंचांवर. टेपनं दोनदा मोजून आपा खूश झाल्या.

संध्याकाळी दिपाली कंपनीच्या बसमधून उतरून तशीच आली. आपांनी खुणांवर टाचण्या लावून कोट चढवला. आरशात झकास दिसत होता. आपांनी खुणा पक्क्या करायला सुईदोरा घेतला.

"थांबा," दारातून रियाज म्हणाला. "तिला बसवा आधी."

"उभी चांगली दिसतेय की."

"विमानात उभी राहून जाणार हाय का? अहो, रिक्षावाल्यांचे शर्ट परत येतात माझ्याकडं. उभं असताना राजा, बसला की दोन बटणांमधून बनियन."

दिपाली हसत स्टुलावर बसली. दुसऱ्या आणि तिसऱ्या टाचणीच्या मध्ये, छातीवर, कोटाला मोठी फट पडली. छातीचा सर्वांत भरलेला भाग नेमका दोन खुणांच्या मधोमध आला होता. ताण तिथं आणि धरायला बटण नाही.

आपांनी सुईदोरा खाली ठेवला. सकाळी दुसरा तुकडा मिळणार नाही म्हणून त्या चिंतेत होत्या. आत्ता थांबल्या नसत्या तर पाचही चिरा चुकीच्या जागी गेल्या असत्या.

"मावशी, बिघडलं का काही?"

"अजून नाही. आणि आता बिघडणार नाही. हलू नकोस, श्वास मात्र घे."

आपांनी आता गळ्यापासून नव्हे, छातीपासून मोजायला घेतलं. पहिली खूण होती तिथंच. दुसरी थेट छातीच्या भरलेल्या रेषेवर. अंतर निघालं साडेसहा इंच. तेच अंतर खाली टाकलं तर तिसरी खूण अगदी कमरेवर आली, चौथी कुल्ल्यांच्या वर. पाचाच्या जागी चार बटणं. दिपालीला पुन्हा बसवलं, वाकवलं, हात पुढे करायला लावले. फट नाही.

"एक बटण उरलं," दिपाली म्हणाली.

"आतून लावून देते. जर्मनीत तुटलं तर मला फोन नको."

गुरुवारी आपांनी दुकानाचं दार ओढून घेतलं. प्रत्येक खुणेवर काजाच्या पट्टीचा तुकडा उलटा ठेवून दोन सुतांच्या अंतरानं दोन समांतर टाके घातले, मधून चिरलं, टोकांच्या अलीकडे थांबून कोपऱ्यांपर्यंत तिरक्या चिरा दिल्या, कोपऱ्यातला टाका मात्र कापू दिला नाही. पट्टी आत ओढली, दोन ओठ जुळवले, टोकांचे इवलेसे त्रिकोण मागून टाचले. पहिल्या काजाला दीड तास लागला. चौथ्याला चाळीस मिनिटं. मग आतली पट्टी परत जोडली, प्रत्येक काजामागे तिला खिडकी पाडली आणि हातशिलाईनं कडा बसवल्या.

शुक्रवारी रियाजनं काजांवरून अंगठा फिरवला.

"दुसरं धागाभर तिरकं हाय."

"माहीत आहे. बटणाखाली जातं."

दिपालीनं कोट घातला, चारही बटणं लावली आणि न सांगताच स्टुलावर बसली. काठ सरळ राहिला. तिनं खाली वाकून बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"काढ आता, घाम येईल," आपा म्हणाल्या.

"बाबांना दाखवते आधी."

आणि भर दुपारी, ट्रकांच्या रांगेतून, गळ्यापासून कुल्ल्यांपर्यंत बटणं लावलेल्या लोकरी कोटात ती स्कूटीवरून मोशीला निघाली.

"वेडी हाय का ही?" रियाज म्हणाला.

आपा रस्त्यावर येऊन बघत राहिल्या. स्कूटीवर बसूनही छातीवर कुठं फट पडत नव्हती.