एकवीस सेकंद

आमच्या तपासणी केंद्रात डॉक्टर लोक एक्स-रे, सोनोग्राफीचे फोटो बघून रिपोर्ट बोलतात आणि आमच्या टायपिस्ट ताई तो ऐकून टाइप करतात. एकोणतीस वर्षं हेच काम. खुर्चीवर जुन्या शालीची घडी, टेबलावर चष्म्याची डबी, कानाला हेडफोन. डॉक्टर सुरुवातीला डावं मूत्रपिंड म्हणाले आणि शेवटी उजवं, तर ताई थेट त्यांना फोन लावणार. "साहेब, नक्की कुठलं? पेशंटला दोन्ही आहेत." अशा कितीतरी चुका त्यांनी दारातच अडवल्या आहेत.

मी इथला कॉम्प्युटरवाला. मशीनं सांभाळायची आणि शिव्या खायच्या, हा माझा धंदा.

दोन महिन्यांपूर्वी ताई मागे पडायला लागल्या. फाईल उघडायला क्लिक केलं की घड्याळ सुरू होतं आणि रिपोर्ट पाठवला की थांबतं. त्यांचे आकडे सगळ्यांत खाली. मॅनेजर बाईंनी सांगून टाकलं, शुक्रवारपर्यंत सुधारणा नाही दिसली तर टायपिंग बंद, फोन उचलायला बसा.

"अरे, लॅपटॉप मंद झालाय," ताई रोज म्हणायच्या. मी रोज तपासायचो. मेमरी वाढवली, डिस्क बदलली, व्हायरस शोधला, वायरसुद्धा बदलली. काही म्हणजे काही नाही! मोठी फाईल उतरवून पाहिली, तर सुसाट. मशीन ठणठणीत, नेट ठणठणीत, मग राहिलं कोण? एकदा वैतागून मी सगळ्या स्टाफसमोर बोलून गेलो, "ताई, लॅपटॉपला काही झालेलं नाही. आता वय झालं, हात जरा चालवा." सगळे हसले. ताईही हसल्या.

गुरुवारी दुपारी त्यांनी परत बोलावलं. माझं डोकं आधीच फिरलेलं. त्या म्हणाल्या, "बस इथे. मी मोजते." क्लिक केलं आणि बोटाने टेबलावर ठेका धरला. टाइपरायटरवर शिकलेलं बोट ते, घड्याळापेक्षा पक्कं. एकविसाव्या ठेक्याला, म्हणजे एकवीस सेकंदांनी, फाईल उघडली. रिपोर्ट टाइप करून दुसरी घेतली. एकवीस. तिसरी, एकवीस.

"रोज एवढेच," त्या म्हणाल्या. "एक कमी नाही, एक जास्त नाही."

दमलेलं मशीन कधी दहा सेकंद घेतं, कधी तीस. बरोबर एकवीस घेतं ते कुणाची तरी ठरावीक वेळ वाट बघतं.

मी नेटवर्कची सेटिंग उघडली. वायर आणि वायफाय, असे नेटला जोडणारे दोनच अडॅप्टर दिसायला हवे होते. दिसले पाच! दोन खोट्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचे, एक जुन्या व्हीपीएनचा, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायच्या बोगद्याच्या सॉफ्टवेअरचा. तीन वर्षांपूर्वी ताईंना घरून काम करता यावं म्हणून ते टाकलेलं, आणि नंतर काढलेलं. काढलेलं म्हणजे काय, प्रोग्राम उडवला, मागचं सामान तसंच. त्या बोगद्याचाच अडॅप्टर रांगेत पहिला, आणि रिपोर्टच्या साइटचा पत्ता विचारायचा तो आमच्या तळघरातल्या जुन्या सर्व्हरला. नेटवर कुठल्या वाटेने जायचं ते ठरवणाऱ्या प्रॉक्सीच्या सेटिंगमध्येही त्याच सर्व्हरवरची स्क्रिप्ट. म्हणजे दर वेळी लॅपटॉप आधी त्याला हाक मारणार, उत्तराची वाट बघणार, कंटाळणार आणि मग सरळ वाटेने जाणार. एकदा वाट मिळाली की वेग पूर्ण, म्हणून माझी मोठी फाईल सुसाट उतरली होती.

आणि तो सर्व्हर दोन महिन्यांपूर्वी कुणी बंद केला होता? मी! सॉफ्टवेअर टाकणारा मी, अर्धवट काढणारा मी. मी कपाळावर हात मारून घेतला.

स्क्रिप्ट बंद केली, तिन्ही अडॅप्टर मुळासकट काढले, लपलेलेही शोधले, लॅपटॉप परत चालू केला. ताईंनी क्लिक केलं. ठेका धरायला बोट उचललं आणि ते टेबलावर पडायच्या आत फाईल उघडली.

"म्हणजे माझे हात मंद नव्हते," त्या हळूच म्हणाल्या. "घरी रात्री मी ताटाच्या कडेवर बोटं चालवून बघायचे रे."

मी मॅनेजर बाईंना कागद लिहिला: चूक माझी, गेल्या दोन महिन्यांचे आकडे धरू नयेत. बाईंनी वाचला, मला चार शब्द सुनावले आणि ताईंचं नाव टायपिंग बंद करायच्या यादीतून काढलं. मी येऊन ताईंना सांगितलं, "झालं, ताई. मिटलं."

"कागदावरचं मिटलं," ताई हेडफोन उतरवत म्हणाल्या. "वय झालं म्हणालास, ते सगळ्यांसमोर म्हणाला होतास ना?"

चहाची वेळ होती. सगळा स्टाफ तिथेच होता. मी मधोमध उभा राहिलो आणि म्हणालो, "जरा ऐका सगळे, ताईंचे हात मंद नव्हते, चूक माझी होती."