प्रश्नबाईंचा चौथा रकाना

आमच्या पत्रव्यवहार विभागात तिला सगळे पाठीमागे प्रश्नबाई म्हणायचे. नाव ठेवलं मीच. तोंडावर मात्र ताई. परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं त्यांच्या भाषेत करून देणारी ही बाई काम हातात घेण्याआधी इतकं विचारायची, की डोकं उठायचं. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायची, एकटीच, आणि काम तिथूनच करायची. टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात प्रत्येक कंपनीची कार्डं. आम्ही कुठल्या वस्तूला काय म्हणतो, गिऱ्हाईक काय म्हणतं, कुठला शब्द एकदा वापरून वाद झाला होता, सगळं त्या डब्यात.

आणि तिचा तो छापील कागद! कामाबरोबर तो भरून द्यायचाच. पत्र कोण वाचणार? सूर कसा हवा? ठरलेले शब्द कोणते? आणि चौथा रकाना : वाचून त्या माणसाने काय करायचं?

"ताई, मुलगी बघायला गेलेले लोकही एवढं विचारत नाहीत हो," एकदा काम द्यायला तिच्या घरी गेले तेव्हा मी म्हटलं.

"ते फसले तर दोघंच फसतात," ती म्हणाली. मग चष्मा पुसत तिने पहिल्या वर्षातली गोष्ट सांगितली. कोणा म्हाताऱ्या दुकानदाराला पाठवायचं पत्र तिने वकिलाला शोभेल अशा भाषेत केलं होतं. वाचणारा कोण हे तिने विचारलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्याने घाबरून दुकान बंद केलं, ते कायमचं. मी हसले होते. आता आठवलं की माझीच मला चीड येते.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी वाफेची यंत्रं बनवते. शस्त्रक्रियेची हत्यारं आत ठेवायची, दार घट्ट लावायचं, वाफेच्या दाबाने सगळं निर्जंतुक होतं. त्या शनिवारी आमचा इंजिनिअर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. एका खेपेतल्या यंत्रांचं कुलूप सदोष निघालं होतं. आत दाब असतानाही दार उघडू शकत होतं. अशी सहा यंत्रं एकाच परदेशी दवाखान्यात बसवली होती.

"दार उघडणाऱ्याच्या तोंडावर वाफ येईल," तो म्हणाला. "आजच कळवा, यंत्रं बंद ठेवायला सांगा."

त्याने कागदावर तेच लिहून दिलं. साहेबांनी तो कागद वाचला आणि खिशात घातला. त्याच दवाखान्याकडून आणखी वीस यंत्रांची मागणी यायची होती.

"पत्र खरेदी अधिकाऱ्याला जाऊ दे. गोड लिहा. 'दोष' हा शब्द नको, 'सुधारणा' म्हणा. सवडीने नवीन कुलूप बसवून घ्या, एवढंच."

मी तसंच पत्र टाइप केलं आणि ताईंचा कागद भरला. वाचणार कोण : खरेदी अधिकारी. सूर : आपुलकीचा, घाबरवणारा नको. शब्द : सुधारणा. चौथा रकाना मी कोरा सोडला. हात पुढे जाईना, आणि साहेब खुर्चीमागेच उभे होते.

तासाभरात फोन आला. "अगं, चौथा रकाना कोरा आहे."

"काही करायचं नाहीये, ताई. नेहमीचं पत्र आहे."

"कुलूप दाराचं आहे. दार खरेदी अधिकारी उघडत नाही. जो उघडतो त्याला काही सांगायचंय का?"

मी फोनवर हात ठेवून साहेबांना विचारलं. त्यांनी मान हलवली. नाही. मी म्हटलं, "यंत्र चालवणाऱ्यांना इंजिनिअर वेगळं पत्र पाठवताहेत."

ही थाप साहेबांनी शिकवली नव्हती. ती माझी होती. इतकी चपखल बसली, की क्षणभर मला स्वतःचं कौतुक वाटलं.

"मग ठीक," ती म्हणाली. "लेखी कळव तेवढं." मी लेखीही कळवलं. इंजिनिअरला सांगितलं, पत्र गेलं. तो बिचारा निश्चिंत झाला.

पत्र सुरेख उतरलं असणार, कारण ताईंचं काम सुरेखच असायचं. आठ दिवस उत्तर नाही. त्या आठ दिवसांत घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी धावत जाऊन गॅस बंद करायची. नवरा म्हणाला, "डॉक्टरला दाखव." मी त्याच्यावरच खेकसले.

नवव्या दिवशी उत्तर आलं. रिवाजाप्रमाणे ते भाषांतराला ताईंकडे गेलं आणि ती ते घेऊन थेट ऑफिसातच आली. यापूर्वी कधी आली नव्हती. माझ्यासमोर बसून तिने वाचून दाखवलं : सुधारणेबद्दल आभार. यंत्रं उत्तम चालली आहेत. वार्षिक दुरुस्तीच्या वेळी, चार महिन्यांनी, कुलपांचा विचार करू.

"दुसरं पत्र कधी गेलं?" तिने विचारलं.

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"गेलं का?"

"नाही, ताई. दुसरं पत्र नव्हतंच."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मेले, तू मला आंधळं केलंस गं. माझ्या हातून लिहून घेतलंस हे."

शरमेने मला मान वर करवेना. ती मात्र रडत बसली नाही. इंजिनिअरला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर नवा कागद माझ्या हातात दिला. "भर. खरं भर."

वाचणार कोण? दार उघडणारी कामगार बाई किंवा बाप्या, उभ्याने, हातात ट्रे. सूर? दटावणीचा. वाक्यं छोटी, आभार नकोत, आपुलकी नको. शब्द? ताईंनी डब्यातलं कार्ड आणलं होतं. सुट्या भागांसाठी आलेल्या जुन्या पत्रांवरून तिने टिपून ठेवलं होतं, की तिथले कामगार यंत्राला त्यांच्या भाषेत नुसतं 'भट्टी' म्हणतात. आमचं भारदस्त नाव तिने खोडलं. चौथ्या रकान्यात मी लिहिलं : भट्टी आत्ता बंद करायची. दाराला हात लावायचा नाही.

वीस मिनिटांत पत्र तयार झालं. सही इंजिनिअरने केली, साहेबांना न विचारता. दवाखान्याच्या प्रमुखाला आणि यंत्रघराला, दोन्हीकडे मेल गेली. सूचना छापून प्रत्येक दारावर चिकटवा, असंही त्यात होतं. मला वाटलं, सुटलो. देव पावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन. आवाज अगदी कामाचा.

"यंत्रघरातून उत्तर आलंय. चार ओळी आहेत. भाषांतर करायच्या आधी विचारते. वाचणार कोण?"

"मी, ताई."

"सूर कसा ठेवू?"

"आहे तसा."

"मग ऐक." कागद सरकल्याचा आवाज आला. "सूचना सहाही दारांवर चिकटवली. भट्ट्या बंद आहेत. तिसऱ्या भट्टीवरच्या बाईंना मात्र सूचना वाचता आली नाही. परवा दार उघडताना त्यांचे डोळे गेले."

फोनमध्ये पुन्हा कागद सरकला. मग तिने हळूच विचारलं, "चौथा रकाना, बाळ. हे वाचून तू काय करणार?"