सुताराने लपवलेलं रक्त

सुतार पन्नाशीचा. एकदा बायकोजवळ असताना त्याला वीर्यात रक्त दिसलं आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. थोरला भाऊ प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेला होता. बायकोला तो काहीच बोलला नाही. पाठ दुखते म्हणून बाहेरच्या खोलीत झोपू लागला. रंधा हातात असायचा, पण लक्ष भलतीकडेच.

शेवटी बायकोनेच विचारलं, "माझं काही चुकलं का हो?" तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. तिने त्याला तडक दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकदाच दिसलं तर बहुधा सूज नाहीतर जंतुसंसर्ग असतो. कधी कारणच सापडत नाही. पण तुमची चाळिशी उलटलीय, त्यात भावाचा आजार. तेव्हा नीट बघू."

त्यांनी रक्तदाब मोजला, गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट ग्रंथी तपासली. सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाठ लागली नाही, लघवीच्या तपासणीत मात्र जंतू निघाले.

"कॅन्सरची रक्ततपासणी?" त्याने विचारलं.

"पीएसए आत्ता केली तर संसर्गानेच आकडा वाढलेला दिसेल. जंतूंवरची औषधं देते, ती संपल्यावर काही आठवड्यांनी करू."

ते आठवडे त्याला खायला उठले. तो जेवणावरून उठून जायचा.

अखेर रिपोर्ट आला, आकडा ठीक होता. बाई म्हणाल्या, "पुन्हा रक्त दिसलं तर मात्र लगेच या, सोनोग्राफी करू."

बाहेर येऊन सुतार पायरीवर मटकन बसला.

"आता काय झालं?" बायको घाबरली.

"काही नाही गं. सुटलो एकदाचा, जरा बसू दे."

ती त्याच्या शेजारी बसून राहिली.